दोन्ही कंपन्यांनी टॅक्स कापला, तरी ५४ हजारांची बाकी का? वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांसाठी पूर्ण हिशोब

वडगाव मावळ : तळेगाव एमआयडीसीतली नोकरी सोडून चाकणला जायचं, किंवा लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे नवीन कंपनीत रुजू व्हायचं, हे मावळात आता नेहमीचं झालंय. पगार वाढतो, घरात आनंद असतो. दोन्ही कंपन्या पगारातून टॅक्स कापतात, दोन्हीकडून फॉर्म १६ मिळतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये माणूस रिटर्न भरायला बसतो आणि खाली मोठी रक्कम ‘भरणे बाकी’ दिसते. पहिली शंका येते ती सीएची काहीतरी चूक झाली असेल ही. दुसरी शंका येते ती कंपनीने कापलेला पैसा भरलाच नसेल ही.

बहुतेक वेळा दोन्ही शंका खोट्या असतात. कंपन्यांनी आपापल्या जागी बरोबर कापलेलं असतं, पैसेही सरकारकडे जमा झालेले असतात. तरीही बाकी निघते. ती का निघते, किती निघते आणि ती कशी भरायची, याचा हिशोब इथे दिला आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ऑडिट नसलेल्यांची रिटर्नची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर २०२५ करण्यात आली होती. प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे २०२५ रोजी ही मुदतवाढ जाहीर केली होती.

बाकी निघते कुठून?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे कंपनी पगारावरचा टॅक्स वर्षाच्या अंदाजावर कापते. एप्रिलमध्ये कंपनी धरते की हा माणूस बारा महिने इथेच आहे. बारा महिन्यांचा पगार, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन वजा, उरलेल्यावर टॅक्स, आणि तो बारा महिन्यांत वाटून दर महिन्याला कपात. इथपर्यंत सगळं ठीक.

माणूस ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंपनीत जातो. नव्या कंपनीला आधीच्या सहा महिन्यांचा पगार माहीत नसतो. ती ऑक्टोबर ते मार्च एवढाच पगार धरते आणि तोच त्या माणसाचा वर्षाचा पगार समजून हिशोब करते. म्हणजे बिनटॅक्सचा पहिला टप्पा पुन्हा मिळतो, ५ टक्क्यांचा टप्पा पुन्हा मिळतो, स्टँडर्ड डिडक्शनही पुन्हा मिळतं.

कायद्यात मात्र एका माणसाला एका वर्षात हे सगळं एकदाच आहे. भातखाचरातल्या पाण्यासारखं हे आहे. वरचं खाचर भरलं की पाणी खालच्यात उतरतं. पहिल्या कंपनीच्या पगाराने खालच्या दराचे टप्पे बरेचसे भरून टाकलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा पगार १०, १५, २० टक्क्यांच्या टप्प्यात पडायला हवा. पण नव्या कंपनीला ती खाचरं रिकामीच दिसतात. रिटर्नमध्ये दोन्ही पगार एकत्र आले की खरा हिशोब होतो आणि फरक बाहेर पडतो.

एका इंजिनिअरचा हिशोब

समजा, लोणावळ्यात राहणारा एक इंजिनिअर आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ तो तळेगावच्या एका कंपनीत होता, पगार महिना १ लाख. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ तो दुसऱ्या कंपनीत होता, पगार महिना १ लाख ४० हजार. दोन्हीकडे नवी करप्रणाली. नवीन कंपनीला त्याने जुन्या पगाराची माहिती दिली नाही, कारण कुणी मागितली नाही.

पहिल्या कंपनीने वर्षाचा पगार १२ लाख धरला. ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन ११ लाख २५ हजार उरले. त्यावर ४ टक्के सेससह वर्षाचा टॅक्स ७१,५०० रुपये. सहा महिन्यांत निम्मा, म्हणजे ३५,७५० रुपये कापले गेले.

दुसऱ्या कंपनीने सहा महिन्यांचे ८ लाख ४० हजार धरले. ७५ हजार पुन्हा वजा, उरले ७ लाख ६५ हजार. त्यावर सेससह टॅक्स २७,५६० रुपये. तेवढाच कापला.

दोन्ही मिळून कपात झाली ६३,३१० रुपये.

आता खरा हिशोब. दोन्ही पगारांची बेरीज ६ लाख अधिक ८ लाख ४० हजार, म्हणजे १४ लाख ४० हजार. ७५ हजार एकदाच वजा. करपात्र उत्पन्न १३ लाख ६५ हजार. २०२४-२५ च्या टप्प्यांनी टॅक्स असा बसतो :

- पहिले ३ लाख : शून्य
- ३ ते ७ लाख, ५ टक्के : २०,००० रुपये
- ७ ते १० लाख, १० टक्के : ३०,००० रुपये
- १० ते १२ लाख, १५ टक्के : ३०,००० रुपये
- १२ लाखांच्या वरचे १ लाख ६५ हजार, २० टक्के : ३३,००० रुपये

बेरीज १,१३,००० रुपये. त्यावर ४ टक्के सेस ४,५२० रुपये. एकूण टॅक्स १,१७,५२० रुपये.

यातून कापलेले ६३,३१० गेले. बाकी ५४,२१० रुपये.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. पहिल्या कंपनीची कपात कमी नव्हती. तिने १२ महिन्यांच्या अंदाजाने कापलं, म्हणजे फक्त सहा महिन्यांच्या पगाराला लागला असता त्यापेक्षा जास्तच. तूट जवळजवळ सगळी दुसऱ्या कंपनीकडे झाली. तिथे ८१,७७० रुपये कापले जायला हवे होते, कापले २७,५६०. म्हणून फरक शोधायचा तर नव्या कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये आधी बघावं.

काही ठिकाणी याच्या उलटही होतं. माणूस राजीनामा देतो तेव्हा पहिली कंपनी शेवटच्या हिशोबात पुन्हा गणित मांडते. आता बारा महिन्यांचा नाही, सहाच महिन्यांचा पगार आहे म्हणून टॅक्स कमी बसतो आणि शेवटच्या महिन्यात ती काहीच कापत नाही. हातात पैसे जास्त येतात, बरं वाटतं. पण ते पैसे रिटर्नच्या वेळी परत द्यायचेच असतात. शेवटच्या पगाराच्या स्लिपवर टीडीएस एकदम शून्य किंवा अगदी कमी दिसला, तर पुढे मोठी बाकी निघणार हे तेव्हाच ओळखावं.

जुनी करप्रणाली घेतली असेल तर घोळ आणखी वाढतो. विम्याचे हप्ते, पीएफ, मुलांची फी यांची दीड लाखाची सूट माणूस पहिल्या कंपनीत दाखवतो आणि तीच कागदं नव्या कंपनीतही देतो. दोन्ही कंपन्या ती वजा करतात. रिटर्नमध्ये ती एकदाच मिळते.

व्याज किती लागतं?

बाकीच्या रकमेवर व्याज लागतं, आणि इथे बरेच जण नाराज होतात. ‘पगारदार माणसाला आगाऊ कर कसला?’ असं विचारलं जातं. नियम असा आहे की टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा त्यापेक्षा जास्त टॅक्स बाकी राहत असेल, तर तो आर्थिक वर्षातच चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो. हप्त्यांच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. पगारदाराला यात सूट नाही. कंपनीने पूर्ण कापलं तर बाकीच राहत नाही, म्हणून बहुतेकांचा याच्याशी कधी संबंध येत नाही, एवढंच.

आपल्या इंजिनिअरने आगाऊ काही भरलं नाही. त्याला दोन प्रकारचं व्याज लागतं. हप्ते चुकल्याचं व्याज कलम २३४सी खाली, ते इथे २,७३२ रुपये होतं. वर्ष संपूनही टॅक्स भरला नाही त्याचं व्याज कलम २३४बी खाली, एप्रिलपासून महिना १ टक्का. ऑगस्टमध्ये भरला तर पाच महिन्यांचे २,७१० रुपये. एकूण भरायचे ५९,६५० रुपये.

महिना मोजताना एक दिवससुद्धा पूर्ण महिना धरला जातो. ३१ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरला भरलं तरी आणखी ५४२ रुपये वाढतात. आणि रिटर्नची मुदत वाढली म्हणून हे व्याज थांबत नाही. मुदतवाढ रिटर्न भरण्यासाठी आहे. त्यामुळे रिटर्न नंतर भरायचं असलं तरी टॅक्स आधी भरून टाकलेला बरा.

मुदत उलटली तर उशिराचं वेगळं व्याज आणि ५ लाखांवर उत्पन्न असलेल्यांना ५ हजार रुपये लेट फी लागते.

रिटर्न भरताना

आधी दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ घ्यावेत. पहिली कंपनी सोडून वर्ष होत आलं असलं तरी तिथून फॉर्म १६ मिळणं हा हक्क आहे, आणि तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. पोर्टलवर `Form 26AS` उघडून बघावं. तिथे दोन्ही कंपन्यांचे टॅन नंबर वेगवेगळे दिसायला हवेत आणि प्रत्येकापुढे कापलेली रक्कम फॉर्म १६ शी जुळायला हवी.

रक्कम जुळत नसेल तर रिटर्न घाईने भरू नये. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि बऱ्याचदा पॅनचा एखादा आकडा चुकलेला असतो. कंपनीच्या एचआरला लेखी ईमेल करून विवरण दुरुस्त करायला सांगावं. कंपनीने पगारातून कापलं असेल, तर तेवढी रक्कम पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही असं कायद्यात आहे. पण ते सिद्ध करायला पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जवळ लागतात.

५० लाखांच्या आत उत्पन्न आणि साधा पगार असेल तर ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालतो. त्यात पगाराचा आकडा एकत्र जातो. पोर्टलवर आधीच भरून आलेला आकडा तसाच पुढे नेऊ नये. दोन्ही फॉर्म १६ मधली कलम १७(१) ची रक्कम स्वतः बेरीज करून तपासावी. आपल्या उदाहरणात तिथे १४,४०,००० यायला हवेत आणि स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० च दिसायला हवं. तिथे दीड लाख दिसत असेल तर चूक आहे. टीडीएसच्या तक्त्यात मात्र दोन्ही कंपन्यांच्या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

फक्त नव्या कंपनीचा फॉर्म १६ टाकून रिटर्न भरणारे काही कमी नाहीत. तेव्हा बाकी शून्य दिसते आणि माणूस खूश होतो. पण दोन्ही कंपन्यांनी पगार कळवलेला असतो आणि रिटर्नशी तो ताडून बघितला जातो. नंतर नोटीस येते, तोवर व्याज वाढलेलं असतं.

बाकी भरायची ती रिटर्न सादर करण्याआधी. पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये जाऊन वर्ष `2025-26` निवडायचं आणि प्रकार `Self-Assessment Tax (300)` निवडायचा. वर्षाच्या बाबतीत इथे गफलत होते. पैसे कमावले २०२४-२५ मध्ये, पण चलनावर लिहायचं ते कर निर्धारण वर्ष, म्हणजे एक वर्ष पुढचं. चुकीच्या वर्षात पैसे गेले तर ते रिटर्नमध्ये धरले जात नाहीत आणि दुरुस्तीसाठी खेटे पडतात. पैसे भरल्यावर चलनावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन नंबर रिटर्नमध्ये आला का बघावं. मग रिटर्न सादर करून ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करावं. ते केलं नाही तर रिटर्न भरलं असं धरत नाहीत.

घरची भातशेती असेल तर

मावळात कंपनीत जाणाऱ्याच्या घरी इंद्रायणी भाताची शेती असणं नवीन नाही. शेतीचं उत्पन्न टॅक्समुक्त आहे, पण ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. आणि ते खर्च वजा जाऊन ५ हजारांच्या वर असेल तर ‘सहज’ फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

शिवाय त्याचा दरावर परिणाम होतो. वरच्या इंजिनिअरला खर्च जाऊन शेतीचे ६० हजार मिळाले असं धरू. ते पगारात मिळवून टॅक्स काढायचा आणि शेतीचे ६० हजार अधिक बिनटॅक्सचे ३ लाख यांच्यावर बसणारा टॅक्स त्यातून वजा करायचा. १४ लाख २५ हजारांवर टॅक्स १,२५,००० रुपये, ३ लाख ६० हजारांवर ३,००० रुपये. फरक १,२२,०००. म्हणजे आधीच्या १,१३,००० पेक्षा ९ हजार जास्त, सेस धरून ९,३६० रुपये. कंपनीला शेतीचं काही माहीत नसतं, त्यामुळे हेही बाकीत येतं.

सातबारा वडिलांच्या नावावर असेल आणि भाताचे पैसेही तेच घेत असतील, तर ते उत्पन्न वडिलांचं. मुलाने आपल्या रिटर्नमध्ये धरायचं कारण नाही.

२०२५-२६ मध्ये नोकरी बदललेल्यांसाठी धोका मोठा

१ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी टप्पे बदलले. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. पगारदारासाठी स्टँडर्ड डिडक्शन धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार. ‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे सगळ्यांनी ऐकलंय. पण ही मर्यादा वर्षाच्या एकत्र उत्पन्नाला आहे. प्रत्येक कंपनीला वेगळी नाही.

तोच इंजिनिअर, तेच पगार, फक्त वर्ष एक पुढे करून बघा. पहिल्या कंपनीने १२ लाखांचा अंदाज धरला, करपात्र ११ लाख २५ हजार, टॅक्स शून्य. दुसरीने ७ लाख ६५ हजार धरले, टॅक्स शून्य. दोन्हीकडे एक रुपयाही कापला जाणार नाही. पण एकत्र उत्पन्न १३ लाख ६५ हजार, म्हणजे १२ लाखांच्या वर. सवलत गेली. ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ लाखांवर ४० हजार, वरच्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्क्यांनी २४,७५०. सेस धरून ८८,१४० रुपये. आणि ही सगळी रक्कम स्वतः भरायची.

म्हणजे २०२४-२५ पेक्षा टॅक्स जवळपास ३० हजारांनी कमी झाला, पण रिटर्नच्या वेळची बाकी ५४ हजारांवरून ८८ हजारांवर गेली. दोन्ही स्लिपांवर टीडीएस शून्य दिसत असल्याने माणूस आधीपासून गाफील राहतो, ते वेगळंच. त्यात टॅक्स न कापणाऱ्या कंपनीवर फॉर्म १६ देण्याची सक्ती नाही. तेव्हा पगाराच्या सगळ्या स्लिपा जपून ठेवाव्यात.

दोन्ही पगारांची बेरीज १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल तर काळजी नाही. किंचित वर गेली तरी थोडा दिलासा आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं, तर टॅक्स वरच्या १० हजारांपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यावर फक्त सेस लागतो.

उपाय : फॉर्म १२बी

हे सगळं टाळायचा मार्ग कायद्यातच आहे. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर फॉर्म १२बी भरून द्यायचा. त्यात आधीच्या कंपनीचं नाव, टॅन आणि पॅन, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत काम केलं, त्या काळात मिळालेला पगार आणि भत्ते, पीएफची कपात आणि कापलेला टीडीएस लिहायचा. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ यायची वाट बघावी लागत नाही. शेवटची पगार स्लिप आणि फायनल सेटलमेंटचा कागद पुरतो.

हा फॉर्म देणं कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे. पण एकदा दिला की नव्या कंपनीला तो धरूनच टॅक्स कापावा लागतो. फॉर्म दिलाच नाही, तर कमी कापल्याचा दोष कंपनीला देता येत नाही.

तो दिल्यावर हातात पगार कमी येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. २०२४-२५ च्या उदाहरणात नव्या कंपनीने महिन्याला ४,५९३ ऐवजी सुमारे १३,६२८ रुपये कापले असते. २०२५-२६ च्या उदाहरणात शून्याऐवजी महिना १४,६९० रुपये. घराचा हप्ता ठरवताना, गाडी घेताना नव्या पगाराचा हाच आकडा धरावा.

रुजू होताना फॉर्म द्यायचा राहिला तरी तो नंतर देता येतो, अगदी जानेवारी-फेब्रुवारीतही. कंपनी उरलेल्या महिन्यांत सगळा टॅक्स कापून घेते. फेब्रुवारी-मार्चचा पगार बारीक होतो, पण कंपनीने कापलेली रक्कम आगाऊ करातून वजा धरली जाते, म्हणून व्याज लागत नाही. मार्चचा पगार निघून गेला असेल तर उरतो स्वतः आगाऊ कर भरण्याचा रस्ता. २०२५-२६ च्या पगारासाठी पोर्टलवर वर्ष `2026-27`, प्रकार `Advance Tax (100)`. ३१ मार्चपर्यंत बाकीच्या किमान ९० टक्के भरले तर एप्रिलपासूनचं व्याज तरी वाचतं.

जुन्या पगाराचा आकडा नव्या कंपनीला कळू द्यायचा नसतो, म्हणूनही काही जण फॉर्म देत नाहीत. त्यांनी मग वरच्यासारखा एकत्र हिशोब स्वतः मांडावा आणि १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्चचे हप्ते स्वतः भरावेत.

आधीच चुकलं असेल तर

२०२४-२५ चं रिटर्न एकाच फॉर्म १६ वर भरून झालं असेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होतं. बाकी आणि व्याज भरलं की विषय मिटत होता, वेगळा दंड नव्हता. नोटीस यायची वाट बघू नये.

त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये असं झालं असेल तर सुधारित रिटर्नची मुदत संपली आहे. तिथे अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरावं लागतं. ते ३१ मार्च २०२६ च्या आत भरलं तर टॅक्स आणि व्याजाच्या रकमेवर २५ टक्के जादा द्यावे लागतात, त्यानंतरच्या वर्षात ५० टक्के. जितका उशीर, तितकं महाग.

नोकरी बदलताना रुजू होण्याच्या कागदांत आधार, पॅन, बँक पासबुक आणि जुन्या पीएफचा यूएएन नंबर सगळे देतात. त्याच गठ्ठ्यात फॉर्म १२बी आणि जुन्या कंपनीची शेवटची पगार स्लिप जोडली, तर पुढच्या जुलैत रिटर्न भरताना खालचा आकडा शून्याच्या आसपास राहतो.